सही झाली, पण तह झाला का? सुरत ते सालबाई, १७७५ ते १७८३

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई या गावी महादजी शिंदे आणि कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात तह ठरला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने ६ जूनला कलकत्त्यात त्याला मंजुरी दिली. पुण्याची मंजुरी मात्र २० डिसेंबरला झाली, आणि पेशव्यांकडील मूळ प्रत प्रत्यक्ष इंग्रजांच्या हाती पडली ती २४ फेब्रुवारी १७८३ रोजी. कलकत्त्याला वीस दिवस पुरले, पुण्याने सात महिने घेतले आणि प्रत द्यायला आणखी दोन.

पाठ्यपुस्तकात या सगळ्याची एक ओळ होते : 'सालबाईचा तह, १७८२'. हा धागा त्या ओळीत न मावलेल्या महिन्यांविषयी आहे. पुणे दरबार इतका वेळ का थांबला, हे कळायचे असेल तर आधीच्या सात वर्षांतले तीन करार पाहावे लागतात. त्या तिन्ही करारांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला : समोर बसून सही करणारा माणूस नेमका कोणाला बांधतो?

आधी थोडी शब्दांची तयारी. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत 'वकील' म्हणजे कोर्टात उभा राहणारा नव्हे, तर परक्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बसणारा. दिल्लीत हिंगणे आणि हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे असे वकील होते. वकील बातम्या पाठवी, बोलणी करी, पण तहाचे कलम ठरवायचे तर त्याला धन्याकडून त्यापुरती मुखत्यारी लागे. वकिलाने ठरवलेला मसुदा धन्याकडे जाई, धनी तो पाहून आपला शिक्का उमटवी, आणि मग दोन्ही बाजूंच्या प्रतींची अदलाबदल होई. ठरणे, मंजूर होणे आणि प्रती पोहोचणे या तीन वेगळ्या पायऱ्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या फटीत राज्ये अडकून पडत.

आता १७७५. नारायणराव पेशव्यांचा खून ऑगस्ट १७७३ मध्ये झाला होता. रघुनाथराव काही महिने पेशवेपदावर होते, पण एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील प्रभृती कारभाऱ्यांनी त्या बाळाच्या नावाने राज्य चालवायला घेतले. पदच्युत रघुनाथराव सुरतेला इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजारांची फौज द्यायची, आणि त्या बदल्यात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई द्यायची. गंमत अशी की साष्टी इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच लढून घेतली होती. जे हातात आले होते त्याला कागद हवा होता, आणि तो कागद देणारा पेशवा त्यांना सापडला होता.

या तहावर सही करणाऱ्या दोन्ही पक्षांचा अधिकार संशयास्पद होता. रघुनाथराव स्वतःला पेशवे म्हणवीत, पण पुण्याच्या दृष्टीने ते पेशवे उरलेच नव्हते, मग पेशव्यांचा मुलूख त्यांनी कसा द्यावा? दुसऱ्या बाजूला मुंबईच्या कौन्सिलचाही हात बांधलेला होता. ब्रिटिश संसदेने १७७३ साली केलेल्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टनुसार, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल व कौन्सिलच्या संमतीवाचून मुंबई वा मद्रासने युद्ध पुकारायचे नव्हते की तह करायचा नव्हता. या नियमाला दोन खिडक्या ठेवल्या होत्या : तातडीची अपरिहार्य गरज, किंवा लंडनहून कंपनीचा थेट हुकूम. या खिडक्या लक्षात ठेवा. त्यांतून पुढे बरेच काही आत-बाहेर गेले आहे.

कलकत्त्याला हे समजले तेव्हा गुजरातेत लढाई सुरूही झाली होती. ३१ मे १७७५ च्या पत्रात कलकत्ता कौन्सिलने मुंबईची ही लढाई अविचारी, धोक्याची, अधिकाराबाहेरची आणि अन्यायाची ठरवली. मुंबईने आपली बाजू मांडायला विल्यम टेलर नावाचा माणूस कलकत्त्याला धाडला, पण उपयोग झाला नाही. सुरतेचा तह रद्दबातल ठरवून नव्याने बोलणी करण्यासाठी कर्नल जॉन अपटन यांना थेट पुण्याच्या कारभाऱ्यांकडे पाठवण्यात आले.

कारभाऱ्यांना हा आपला विजय वाटला असेल तर नवल नाही. इंग्रजांचेच वरिष्ठ सरकार इंग्रजांनाच खोटे ठरवीत होते. अपटन पुरंदरावर पोहोचले, बोलणी सुरू झाली आणि लगेच अडली. अपटन यांना साष्टी सोडायची नव्हतीच, शिवाय वसईही हवी होती. कारभाऱ्यांचा प्रश्न सरळ होता : लढाई अन्यायाची होती असे तुम्हीच म्हणता, तर तिच्या आगेमागे घेतलेला मुलूख तुमच्याकडे राहावा हे कोणत्या न्यायाने? अपटन यांच्याकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते. माझ्या मते, या सगळ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक क्षण तो हाच.

फेब्रुवारी १७७६ मध्ये बोलणी मोडल्याचे अपटन यांनी कलकत्त्याला कळवले. ते पत्र पोहोचायला सुमारे महिना लागला, आणि ते वाचून कलकत्त्याने रघुनाथरावांच्या बाजूने पुन्हा युद्धाची तयारी आरंभली. पण तोवर इकडे पुरंदरावर कारभाऱ्यांनी मन वळवले होते आणि १ मार्च १७७६ रोजी तह झालाही होता! तह झाल्यानंतर तो मोडल्याची बातमी पोहोचते आणि युद्धाचे हुकूम निघतात, असा हा काळ. त्या काळच्या वकिलाला मोठी मुखत्यारी का द्यावी लागे, हे या एका प्रसंगावरून ध्यानात येते. वरिष्ठांना विचारत बसला तर उत्तर येईतो परिस्थितीच पालटून जाई.

पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह रद्द झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये त्यांना मिळायचे होते, आणि रघुनाथरावांनी महिना पंचवीस हजार रुपये घेऊन कोपरगावी राहायचे होते. नाना आणि सखारामबापूंच्या समजुतीप्रमाणे त्यांनी आता इंग्रजांच्या खऱ्या धन्याशी तह केला होता. मुंबईचे सरकार हे हाताखालचे, कलकत्त्याचे वरचे.

पण वरच्याच्याही वर आणखी कोणी होते. ऑगस्ट १७७६ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांचे पत्र मुंबईला आले. त्यांना सुरतेचा तह पसंत होता आणि मिळालेला मुलूख राखावा असा त्यांचा हुकूम होता. ज्या तहाला कलकत्त्याने पुरले होते, त्याला लंडनने सहा महिन्यांनी जिवंत ठरवले. पत्र लिहिताना संचालकांना पुरंदरच्या तहाची कल्पना असणे शक्यच नव्हते, कारण लंडनची डाक केपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी येई. मुंबईला मात्र ती दुसरी खिडकी मिळाली, म्हणजे थेट लंडनचा हुकूम. रघुनाथराव त्यांच्याच आश्रयाला राहिले, कोपरगावला गेलेच नाहीत.

त्याच सप्टेंबरात कलकत्ता कौन्सिलातील कर्नल मॉन्सन वारले. तोवर हेस्टिंग्जच्या विरोधी गटाकडे तीन विरुद्ध दोन असे बहुमत होते. आता मते समसमान झाली आणि अध्यक्षाचे निर्णायक मत हेस्टिंग्जच्या हाती आले. पुरंदरचा तह ज्या बहुमताने घडवला ते बहुमतच एका मृत्यूने संपले. पुण्यातल्या कोणालाही हे आतून दिसत नव्हते. त्यांनी 'इंग्रजांशी' तह केला होता, आणि इंग्रज या एका शब्दामागे मुंबई, कलकत्ता, लंडन आणि कौन्सिलातली मतमोजणी दडलेली होती.

तरीही लिखित तह उघडउघड मोडणे इंग्रजांना अवघडच वाटत होते. त्यांनी शोधलेली पळवाट फार शिकण्यासारखी आहे. पुण्यात मोरोबा फडणीसांच्या गटाने १७७८ साली रघुनाथरावांना परत आणण्याची मसलत मांडली, आणि सखारामबापूंचीही तिला संमती असल्याचे मुंबईला कळवले गेले. मुंबईचा युक्तिवाद असा : पुरंदरच्या तहावर बापूंचीच सही आहे. तह करणाराच आता रघुनाथरावांना बोलावतो आहे, तर त्यांना पुण्याला नेल्याने तहभंग होत नाही. म्हणजे तह पुण्याच्या राज्याशी झालेला नसून बापू नावाच्या माणसाशी झाला आहे! राज्य आणि त्याच्या वतीने सही करणारा माणूस यांतला भेद सोयीप्रमाणे पुसून टाकण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग १७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढली, तळेगावपर्यंत आली, आणि मराठ्यांच्या वेढ्यात उपासमारीच्या भीतीने जानेवारी १७७९ मध्ये मागे फिरली. वडगावला ती पुरती कोंडली गेली. इथला तह लढाईच्या मैदानावरचा. फौजेबरोबर मुंबईने एक समिती दिली होती, तिच्या वतीने फार्मर नावाचा अधिकारी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला. मागणी होती की माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर मुंबईने घेतलेला सगळा मुलूख परत द्यावा, आणि उत्तरेकडून येत असलेली बंगालची फौज मागे फिरवावी.

फार्मरने सांगितले की कलकत्त्याच्या संमतीवाचून असा तह करण्याचा अधिकारच समितीला नाही. महादजींनी त्याला विचारले की मग कर्नल अपटन यांनी वरिष्ठ सरकारच्या मुखत्यारीने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? या प्रश्नात पुरंदरपासूनचा सगळा अनुभव बोलत होता. शेवटी समितीने करार केला, फार्मर आणि आणखी एक इंग्रज अधिकारी ओलीस ठेवले, आणि फौज मुंबईला परतली. घाट उतरताच समितीने बंगालच्या फौजेला पाठवलेला परतीचा हुकूम फिरवला. मुंबईने आणि कलकत्त्याने वडगावचा करार अधिकाराबाहेरचा म्हणून फेटाळला.

इथे आपल्याकडे सहसा 'इंग्रजांची दगाबाजी' एवढे म्हणून विषय संपवला जातो. दगा होताच. समितीने पाळण्याच्या इराद्याने सही केलेली नव्हती, हे तिच्या पुढच्या वागण्यावरून उघड आहे. पण कायद्याच्या अंगाने पाहिले तर प्रश्न इतका सोपा नाही. सेनानीला आपल्या फौजेपुरता करार करण्याचा अधिकार असतो : शस्त्रे ठेवणे, वाट मिळवणे, कैदी सोडणे. राज्याचा मुलूख देण्याचा अधिकार त्याला असेलच असे नाही. अधिकार नसलेल्याने केलेला करार धन्याने नंतर मंजूर केला तरच धन्याला बांधतो, हे तत्त्व १९६९ च्या व्हिएन्ना करारातही आले आहे. पण त्या तत्त्वाची दुसरी बाजू इंग्रजांनी पाळली नाही. करार नामंजूर करायचा तर त्या कराराने मिळालेला फायदाही परत द्यायला हवा. करारामुळेच सुखरूप सुटलेली फौज वडगावच्या वेढ्यात परत आणून कोण उभी करणार? मराठ्यांकडे उरले होते ते दोन ओलीस, आणि महादजींनी पुढच्या वर्षी त्यांनाही सोडून दिले.

नानांनी या तीन करारांतून काय ताडले, ते त्यांच्या पुढच्या वागण्यातून दिसते. १७८० साली पुण्याने हैदर अलीशी हातमिळवणी केली आणि हैदर कर्नाटकात उतरला. पोलिलूरला इंग्रजांचा दारुण पराभव झाला. इकडे इंग्रजांनी वसई आणि अहमदाबाद घेतले, ग्वाल्हेरचा किल्ला पडला, पण १७८१ मध्ये गॉडर्डची फौज बोरघाटातून मार खाऊन परतली. कलकत्त्याची तिजोरी या दुहेरी युद्धाने आटत चालली होती. हेस्टिंग्जला पुण्याशी तह हवा होता, आणि लवकर हवा होता.

या वेळी त्याने पुण्याला थेट वकील पाठवला नाही. आधी महादजींशी स्वतंत्र समझोता केला, मग त्यांच्याच छावणीत अँडरसनला पाठवले. महादजी पेशव्यांचे मुखत्यार म्हणून बसले. सालबाईच्या तहान्वये पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी जिंकलेली ठाणी, वसई धरून, परत करायची होती. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथरावांना आश्रय वा पैसा देणे इंग्रजांनी बंद करायचे होते, आणि त्यांना तेच महिना पंचवीस हजार मिळायचे होते. भरुच महादजींना दिले गेले. त्याचे कारण कागदावर असे नोंदले की वडगावच्या वेळी त्यांनी उदारपणा दाखवला आणि ओलीसांना नीट वागवून सोडले. वडगावचा करार इंग्रजांनी मानला नव्हता, पण त्याच्या ओलीसांची किंमत मात्र अशी चुकती केली.

दोन कलमे इथे महत्त्वाची. एक, हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नवाबाचा घेतलेला मुलूख परत करावा यासाठी पेशव्यांनी त्याला भाग पाडायचे होते, आणि त्याची सहा महिन्यांची मुदत तह मंजूर झाल्यापासून मोजायची होती. दोन, महादजी हे दोन्ही पक्षांचे जामीन. जो पक्ष तह मोडेल त्याच्याविरुद्ध ते दुसऱ्याला मिळतील.

आता ते सात महिने. मंजुरी झाल्याशिवाय मुदतीचे घड्याळ सुरू होत नाही. ते सुरू होत नाही तोवर हैदरवर दबाव आणण्याचे बंधन पुण्यावर येत नाही, आणि ज्या मित्राला आपणच युद्धात ओढले त्याच्यावर उलटण्याची वेळही येत नाही. सालबाईला तह ठरल्याने लढाई थांबली होती, त्यामुळे पुण्याला शांतता मिळालीच होती. उलट हैदर जोवर मैदानात आहे तोवर इंग्रजांना गरज अधिक, आणि कदाचित साष्टीही परत मिळवता येईल. मंजुरी रोखून धरणे हे नानांसाठी कागदी काम नव्हते, ती त्यांची उरलेली फौज होती.

पण हा उशीर फुकटचा नव्हता. वसई परत मिळायची तीही मंजुरीनंतर. शिवाय जामीन महादजी होते, म्हणजे नाना जितके ताणतील तितका महादजींचा शब्द हलका पडणार. पेशव्यांच्या सरदाराने पेशवे आणि परके यांच्यामध्ये समान अंतरावर उभे राहून दोघांना जामीन राहायचे, ही गोष्ट नानांना खुपली असणार असे मला वाटते. कायद्याने पाहिले तर या कलमाने महादजींना पुण्यापासून वेगळे असे स्थान मिळाले होते.

७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर अली वारला. त्यानंतर तेरा दिवसांनी पुण्याची मंजुरी झाली. हा संबंध बहुतेक इतिहासकार जोडतात आणि तो पटण्यासारखाही आहे. तरी थोडे जपून. टिपू छावणीत पोहोचेपर्यंत हैदरचा मृत्यू मुद्दाम लपवून ठेवला होता, त्यामुळे पक्की बातमी पुण्यात केव्हा आली यावर बरेच अवलंबून आहे. २० डिसेंबरच्या शिक्क्यापेक्षा मला २४ फेब्रुवारीची तारीख अधिक बोलकी वाटते. मंजूर झालेली प्रतही नानांनी दोन महिने हातची सोडली नाही. कागद बदलला तेव्हा मात्र थांबून मिळवण्यासारखे काही उरले नव्हते.

यावेळी तह टिकला. वसई परत आली. रघुनाथराव कोपरगावी गेले आणि तिथेच डिसेंबर १७८३ मध्ये वारले, त्यामुळे सुरतेच्या तहाला पुन्हा जिवंत करील असा माणूसच उरला नाही. पुणे आणि इंग्रज यांच्यात पुढे सुमारे वीस वर्षे युद्ध झाले नाही. हैदरचे कलम मात्र कागदावरच राहिले. मार्च १७८४ मध्ये इंग्रजांनी टिपूशी मंगळूरला परस्पर तह केला, त्यात सालबाईचा उल्लेखही नव्हता, आणि पुण्याने त्याबद्दल नाराजी दाखवली.

१७८६ साली चार्ल्स मॅलेट पुण्यात रेसिडेंट म्हणून आला. महादजींचा त्याला विरोध होता. पुणे आणि कंपनी यांच्यातले बोलणे सालबाईपासून आपल्यामार्फत चालते, अशी त्यांची भूमिका होती. नानांना मात्र इंग्रजांचा वकील आपल्या दरबारात, आपल्या नजरेसमोर बसलेला हवा होता.